केशरचना पूर्वदर्शन

केशरचना पूर्वदर्शन म्हणजे ग्राहकाच्या स्वतःच्या छायाचित्रावर नवी केशरचना किंवा केसांचा नवा रंग बसवून, प्रत्यक्ष कात्री अथवा रंग लावण्यापूर्वी त्याचे संभाव्य रूप दाखविण्याची प्रक्रिया होय. सलून आणि ब्युटी पार्लरमध्ये हिचा उपयोग ग्राहक व केशरचनाकार यांच्यात काय करावयाचे हे ठरविण्यासाठी केला जातो. या प्रक्रियेची मुख्य अट अशी की चित्रात केवळ केस बदलावेत. चेहरा मूळ छायाचित्रात जसा आहे तसाच राहावा.

ही अट केवळ सौंदर्यदृष्टीची नाही. ग्राहक पूर्वदर्शन पाहून "हे मला शोभेल का" हा प्रश्न सोडवीत असतो. चित्रातील जबडा थोडा निमुळता झाला, त्वचा किंचित उजळली किंवा डोळे मोठे झाले, तर ती केशरचना दुसऱ्याच चेहऱ्याला शोभते आहे असे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे २५ सेंमी केस कापल्यानंतर निर्णय चुकला असे लक्षात आल्यास पूर्वस्थितीला यायला सुमारे दोन वर्षे लागतात.

## पार्श्वभूमी

पूर्वी पार्लरमध्ये छापील पुस्तिका किंवा मासिकांतील चित्रे दाखवून केशरचना निवडली जाई. त्यातील चेहरा अर्थातच दुसऱ्या कोणाचा असे. संगणकीय चित्रसंपादन सुलभ झाल्यावर तयार केशरचनेचे कातरलेले चित्र ग्राहकाच्या छायाचित्रावर टोपीसारखे चिकटविण्याची पद्धत आली. त्यात चेहरा सुरक्षित राही. परंतु प्रकाशाची दिशा, डोक्याचा कल व केसांची कड जुळत नसल्याने चित्र कृत्रिम वाटे.

पुढे छायाचित्रातील केस आपोआप ओळखणारी तंत्रे विकसित झाली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर केसांचा रंग तत्क्षणी बदलून दाखविणे शक्य झाले. सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या लोरेआल या फ्रेंच समूहाने २०१८ मध्ये टोरांटो येथील मॉडिफेस ही याच क्षेत्रातील कंपनी विकत घेतली. २०२२ पासून चित्रनिर्मिती करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे सर्वांना उपलब्ध होऊ लागली. त्यांच्यामुळे केशरचनेचा आकारही खऱ्यासारखा बदलता येऊ लागला; मात्र त्याबरोबर चेहरा नकळत बदलण्याची अडचणही उद्भवली.

## चेहरा का बदलतो

चित्रनिर्मितीच्या प्रारूपाला "चेहरा बदलू नये" अशी लेखी सूचना दिली तरी तेवढ्याने चेहरा सुरक्षित राहत नाही. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. प्रचलित प्रारूपांपैकी अनेक प्रारूपे छायाचित्रावर थेट काम करीत नाहीत. ती प्रथम छायाचित्राचे आकुंचित रूप तयार करतात, त्यात बदल करतात आणि शेवटी ते पुन्हा पूर्ण चित्रात उलगडतात. उदाहरणार्थ, स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये लांबी व रुंदी प्रत्येकी आठपट कमी केली जाते. १२०० × १६०० पिक्सेलचे छायाचित्र तेथे १५० × २०० घरांचे होते. पापण्यांचे केस, तीळ, नाकपुडीची कड किंवा ओठांची रेषा यांसारखे बारीक तपशील या प्रवासात जसेच्या तसे टिकत नाहीत. उलगडताना ते पुन्हा रेखाटले जातात. म्हणून केवळ केसांचा भाग बदलण्यास सांगितले असले तरी उरलेल्या चित्रातही सूक्ष्म फरक पडतो.

दुसरे कारण प्रारूपाच्या शिक्षणात आहे. ज्या छायाचित्रांवरून ते शिकले, त्यांत सजविलेले आणि सफाई केलेले चेहरे मोठ्या प्रमाणात असतील, तर नवा चेहरा रेखाटताना त्याचा कल त्याच दिशेने जातो. त्वचा नितळ होते, सुरकुत्या पुसल्या जातात, वर्ण उजळतो. पाहणाऱ्याला चित्र आवडते. पण आवडण्याचे कारण केशरचना आहे की पुसलेल्या सुरकुत्या, हे त्याला वेगळे करता येत नाही.

यावरील उपाय सूचना अधिक कडक करणे हा नसून चेहऱ्याचे मूळ पिक्सेल शेवटी परत जागेवर ठेवणे हा आहे.

## दोन छायाचित्रे

पूर्वदर्शनाची गुणवत्ता बव्हंशी मूळ छायाचित्रावर ठरते. ग्राहकाची दोन छायाचित्रे एकाच जागी, एकाच प्रकाशात घेणे श्रेयस्कर असते. पहिल्यात केस मोकळे सोडलेले असतात. दुसऱ्यात केस मागे घट्ट बांधलेले असून कपाळ, कान आणि मान स्पष्ट दिसतात.

दुसऱ्या छायाचित्राचे प्रयोजन असे. लांब केस आखूड करून दाखवायचे झाल्यास केसांमागे झाकलेली मान आणि खांदे उघडे पडतात. मोकळ्या केसांच्या छायाचित्रात ते भाग मुळी नोंदलेलेच नसल्याने प्रारूपाला ते कल्पनेने भरावे लागतात. कपाळावरची झुलपे, ज्यांना पार्लरमध्ये फ्रिंज म्हणतात, काढून टाकायची असतील तर तेथे कपाळही कल्पनेतूनच येते. अशा वेळी चेहरा अबाधित राहिला असे म्हणता येत नाही. बांधलेल्या केसांचे छायाचित्र आधारासाठी घेतले की हे सर्व भाग खरे असतात आणि नवे केस त्यांच्यावर फक्त पसरावे लागतात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर व सुमारे दीड मीटर अंतरावर असावा. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. फोनमधील सौंदर्यवर्धक फिल्टर बंद ठेवणे आवश्यक असते, कारण तो चालू असल्यास चेहरा मूळ छायाचित्रातच बदललेला असतो. काही फोन सेल्फी आरशातल्याप्रमाणे उलटी जतन करतात. तसे झाल्यास डावा भांग उजवीकडे दिसतो आणि केशरचनाकार चुकीच्या बाजूचा विचार करू शकतो. काळ्या केसांवर इतका प्रकाश हवा की छायाचित्रात केसांच्या बटा वेगवेगळ्या ओळखू याव्यात; याचे महत्त्व रंगबदलाच्या वेळी कळते.

## कार्यपद्धती

प्रक्रियेत दोन मास्क लागतात. मास्क म्हणजे छायाचित्राच्याच आकाराचे काळे-पांढरे चित्र. पांढऱ्या भागात बदल करण्यास मुभा असते, काळ्या भागात नसते. मधल्या करड्या छटा अंशतः बदल दर्शवितात.

पहिला मास्क रुंद असतो. जुने केस जेथे आहेत आणि नवे केस जेथे येऊ शकतील तो सर्व प्रदेश त्यात पांढरा केला जातो. भुवया, डोळे, नाक, ओठ व गालांचा मधला भाग काळा राहतो. या मास्कच्या आधारे प्रारूप नवे केस तयार करते.

दुसरा मास्क नव्याने तयार झालेल्या चित्रावरून काढला जातो. त्यात फक्त नवे केस पांढरे असतात. हे केस उचलून मूळ छायाचित्रावर ठेवले जातात. प्रत्येक पिक्सेलसाठी नियम एकच:

```
R = M × N + (1 − M) × O
```

येथे O म्हणजे मूळ छायाचित्रातील मूल्य, N नव्या चित्रातील मूल्य, M मास्कचे ० ते १ मधील मूल्य आणि R अंतिम चित्रातील मूल्य. जेथे M शून्य आहे तेथे R आणि O तंतोतंत समान असतात. चेहरा न बदलण्याची हमी या एका ओळीतून मिळते. प्रारूपाच्या कौशल्यावर ती अवलंबून नसते.

येथे झाकणे आणि बदलणे यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. झुलपे कपाळ झाकतात, आखूड केस गालाची बाहेरची कड झाकतात. हे प्रत्यक्षातही घडणार असल्याने ग्राह्य आहे. परंतु दोन बटांच्या फटीतून दिसणारी त्वचा मूळ छायाचित्रातलीच असली पाहिजे. एकाच रुंद मास्कने काम उरकल्यास त्या फटीत प्रारूपाने रंगविलेली त्वचा राहते. दुसरा मास्क त्यासाठीच लागतो.

## एक उदाहरण

एका ग्राहक महिलेचे केस काळे, सरळ आणि पाठीपर्यंत लांब आहेत असे समजू. तिला हनुवटीपर्यंतचा बॉब, कपाळावर झुलपे आणि तांबूस तपकिरी रंग पाहावयाचा आहे. छायाचित्र १२०० × १६०० पिक्सेलचे असून आधारासाठी केस बांधलेले छायाचित्र निवडले आहे.

रुंद मास्कमध्ये डोक्याचा वरचा भाग, कपाळ आणि दोन्ही बाजूंनी हनुवटीच्या थोडे खालीपर्यंतचा पट्टा पांढरा केला जातो. कानांतले डूल झाकले जाणार की दिसणार हे आधीच ठरवावे लागते. ते दिसणार असतील तर काळ्या भागात ठेवले जातात, अन्यथा प्रारूप त्यांच्या जागी वेगळेच डूल घडविते. कपाळ पांढऱ्या भागात असल्याने टिकलीही पुसली जाऊ शकते. झुलपांखाली टिकली दिसणार असल्यास तेवढे वर्तुळ काळे ठेवावे लागते.

नवे चित्र मिळाल्यावर ते लगेच चिकटविले जात नाही. आधी दोन मापे पाहिली जातात: दोन्ही बाहुल्यांमधील अंतर आणि ओठांच्या पातळीवर चेहऱ्याची रुंदी. मूळ चित्रात रुंदी ४१२ पिक्सेल आणि नव्यात ३९८ भरली, तर प्रारूपाने चेहरा निमुळता केला आहे आणि केस त्या निमुळत्या चेहऱ्याला बेतून रेखाटले आहेत. असे केस मूळ चेहऱ्यावर ठेवले की ते गालाच्या कडेवर चढतात, आणि त्यामुळे गाल असायला हवा त्यापेक्षा बारीक दिसतो. म्हणजे एकही पिक्सेल रंगविल्याविना चेहऱ्याचा आकार बदलल्याचा आभास होतो. उलट रुंदी वाढली असल्यास केस व गाल यांच्यामध्ये रिकामी फट राहते. दोन्ही प्रसंगी कड ओढूनताणून जुळविण्यापेक्षा ते चित्र टाकून नवे तयार करणे योग्य ठरते.

मापे जुळल्यानंतर दुसरा मास्क काढून केस मूळ चित्रावर ठेवले जातात. मास्कची कड काही पिक्सेल मऊ केली जाते. अगदी तीक्ष्ण कड कातरकामासारखी दिसते. मात्र मऊपणा केसांच्या बाजूकडे वाढवावा, चेहऱ्याकडे नाही. तो चेहऱ्याकडे वाढल्यास गालावर नव्या चित्राची धूसर झाक येते.

यानंतर एक अडचण उरते. खऱ्या झुलपांची सावली कपाळावर पडते. कपाळ मूळचे असल्याने त्यावर ती नसते आणि केस तरंगल्यासारखे वाटतात. यासाठी त्वचा फक्त गडद करणारा एक पातळ थर झुलपांच्या खाली स्वतंत्रपणे दिला जातो. हा थर बंद करून खालचा मूळ चेहरा केव्हाही दाखविता यावा, म्हणून तो वेगळा जतन केला जातो.

## रंगबदल

केवळ रंग बदलायचा असेल तर चित्रनिर्मितीची आवश्यकताच नसते. केसांचा मास्क काढून तेवढ्याच पिक्सेलचे रंगमूल्य बदलले की काम होते आणि चेहऱ्याला स्पर्शही होत नाही. यासाठी लॅब ही रंगमापन पद्धती सोयीची आहे. तिच्यात उजळपणा एका अंकाने आणि रंगछटा इतर दोन अंकांनी दर्शविली जाते. त्यामुळे बटांचा उजेड-सावलीचा खेळ कायम ठेवून छटा बदलता येते.

काळ्या केसांच्या बाबतीत मात्र एवढे पुरत नाही. उजळपणा फारच कमी असल्याने छटा बदलली तरी डोळ्यांना ती जवळपास दिसत नाही. उजळपणा वाढवावा लागतो, आणि तो सर्व पिक्सेलमध्ये सारखाच वाढविल्यास केसांवर राखाडी धुके पसरल्यासारखे दिसते. म्हणून सरासरी वाढविताना गडद व उजळ बटांमधील अंतरही त्या प्रमाणात वाढविले जाते. मूळ छायाचित्रात बटा वेगळ्या दिसत नसतील तर वाढविण्यासारखे काही नसते. तेथे केवळ ठिपके आणि चौकोनी डाग उमटतात.

चित्रातील ही अडचण प्रत्यक्ष केसांच्या अडचणीशी मिळतीजुळती आहे. केशरंगाच्या व्यवसायात केसांचा गडदपणा १ ते १० या पातळ्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अतिशय फिकट सोनेरी. वरील उदाहरणातील केस पातळी २ चे आणि निवडलेली तांबूस छटा पातळी ६ ची असेल, तर चार पातळ्यांचे अंतर पडते. ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या, म्हणजे २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरने केस साधारण एक ते दोन पातळ्या उजळतात. उरलेल्या अंतरासाठी आधी ब्लीच करावे लागते. पडद्यावर मात्र पातळी २ वरून ६ वर जाण्यास क्षणही लागत नाही.

केस उजळताना आतले तांबडे व नारिंगी रंगद्रव्य उघडे पडते. पातळी ६ च्या आसपास ते नारिंगी असते. तांबूस छटेला ते साहाय्यक ठरते. पण राखी छटा निवडली असल्यास ते झाकण्यासाठी निळसर रंगाची जोड द्यावी लागते. पूर्वी कृत्रिम रंग लावलेला असेल तर नव्या रंगाने तो उजळत नाही. मेंदी लावलेल्या केसांविषयी अधिक सावधगिरी लागते. धातूंचे क्षार मिसळलेल्या मेंदीची पेरॉक्साइडशी प्रक्रिया होऊन उष्णता निर्माण होऊ शकते व केस बिघडू शकतात. यांपैकी कोणतीही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही; ती ग्राहकाला विचारूनच कळते. म्हणून चित्राखाली सुरुवातीची पातळी, दाखविलेली पातळी आणि ब्लीच लागणार की नाही, एवढे लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

## पडताळणी

चेहरा खरोखर तसाच आहे का, हे नजरेने ठरविणे विश्वासार्ह नसते. सर्वांत सोपी तपासणी म्हणजे मूळ व अंतिम चित्र एकावर एक ठेवून आळीपाळीने दाखविणे. चेहऱ्यात कोठेही हालचाल भासली तर बदल झालेला आहे. नेमक्या तपासणीसाठी दोन्ही चित्रांची वजाबाकी करतात. पायथन भाषेतील पिलो या संचाने ती पुढीलप्रमाणे करता येते:

```python
from PIL import Image, ImageChops
a = Image.open("original.png").convert("RGB")
b = Image.open("result.png").convert("RGB")
m = Image.open("face.png").convert("1")
d = ImageChops.difference(a, b)
k = Image.new("RGB", a.size)
print(Image.composite(d, k, m).getbbox())
```

येथे `face.png` मध्ये केसांनी न झाकलेला चेहरा शुद्ध पांढरा व बाकी सर्व शुद्ध काळे असते. उत्तर `None` आले तर त्या भागातील एकही पिक्सेल बदललेला नाही. चार अंक आले तर ते बदललेल्या भागाला वेढणाऱ्या चौकटीच्या कडा दाखवितात. ही तपासणी सावलीचा थर बंद ठेवून करावी. दोन्ही चित्रे पीएनजी प्रकारात असणे आवश्यक आहे. जेपीईजी प्रकारात जतन करताना प्रत्येक वेळी मूल्ये थोडी बदलतात आणि चेहऱ्याला हात लावलेला नसतानाही फरक दिसतो.

## मर्यादा

चेहरा पूर्णपणे अबाधित असूनही पूर्वदर्शन दिशाभूल करू शकते, कारण नवे केस ग्राहकाचे नसतात. प्रारूप बहुधा दाट, सरळ बसणारे व निगा राखलेले केस रेखाटते. ग्राहकाचे केस विरळ किंवा कुरळे असतील तर तोच काप वेगळा बसतो. कपाळाच्या कडेला भोवरा असल्यास झुलपे चित्राप्रमाणे एका रेषेत राहत नाहीत, ती दुभंगतात. कुरळे केस ओले असताना हनुवटीपर्यंत कापले तर वाळल्यावर आखडून वर चढतात. केशरचनाकार हे अडथळे केस हाताळून ओळखतो आणि लांबी त्यानुसार ठेवतो.

चेहऱ्याचे छायाचित्र ही वैयक्तिक माहिती असते. अनेक सेवा चित्र तयार करण्यासाठी ते बाहेरच्या संगणकावर पाठवितात. भारतात 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३' या कायद्याने अशा माहितीच्या वापरासाठी संमती आणि निश्चित हेतू या तत्त्वांना आधार दिला आहे. केस कापण्यापूर्वी पाहण्यासाठी दिलेली संमती ही पार्लरच्या जाहिरातीत ते चित्र लावण्याची संमती ठरत नाही. त्यासाठी ग्राहकाला स्वतंत्रपणे विचारावे लागते, आणि जाहिरातीत लावलेले चित्र पूर्वदर्शन आहे, प्रत्यक्ष केलेली केशरचना नव्हे, हेही नमूद करावे लागते.